शेंगदाणे वरून काळे, आत कच्चे: दर पावसाळ्यात होणारा घोळ आणि त्याचा उलगडा

परभणीत मी घरून चटण्या करून देते. शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची, आणि संक्रांतीच्या आधी तिळाची. उन्हाळ्यात सगळं सुरळीत चालतं. श्रावण लागला की मात्र एखादी तरी गिऱ्हाईक हळूच म्हणते, "ताई, यावेळची चटणी जराशी कडवट लागली हो." पहिल्या वर्षी मी लसणाला दोष दिला. दुसऱ्या वर्षी मिरची बदलली. कडवटपणा होता तसाच, आणि तोही प्रत्येक घाण्यात नाही, मधूनच एखाद्या घाण्यात. त्यामुळे नेमकं कुठं चुकतंय ते काही सापडेना.

तिसऱ्या श्रावणात जिंतूरकडच्या गावाहून आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, राहायला आल्या. मी मोठ्या बर्नरवर जर्मनची कढई ठेवून अर्धा किलो दाणे भाजत होते. त्या दारात उभ्या राहिल्या, एकदा वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, दाणे भाजायलीस का उकडायलीस?" मी म्हटलं, "आत्याबाई, वरून काळे पडायलेत की, उकडतील कसे?" त्यांनी कढईतला एक दाणा उचलला, चिमटीत दाबून त्याच्या दोन डाळिंब्या केल्या आणि माझ्यापुढं धरल्या. वरची साल काळपट तपकिरी, आतली बाजू पांढरी, ओलसर, कच्च्या खोबऱ्यासारखी. त्या एका दाण्यातच तीन वर्षांच्या तक्रारीचं उत्तर होतं.

तुमचेही दाणे असेच होत असतील तर आधी एवढंच करा. करपलेला दाणा टाकून देण्याआधी तो फोडून आत बघा. वरची साल फसवते, आतली बाजू खरं सांगते. फोडल्यावर साधारण तीन प्रकार दिसतात आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. वरून काळा आणि आतून पांढरा असेल तर आच जास्त झाली. वरून आणि आतून सारखाच गडद असेल तर आच ठीक होती, पण दाणे उशिरा काढले किंवा गरम कढईतच राहू दिले. आणि एकाच घाण्यात काही दाणे काळे, काही पांढरे असतील तर एकतर कढई भरून दाणे टाकले, नाहीतर लहान-मोठे आणि फुटलेले दाणे एकत्र भाजले. माझा प्रकार पहिला होता. पण पुढं लक्षात आलं की तो आवरला की दुसरा डोकं वर काढतो, म्हणून दोन्ही सांगते.

पहिला प्रकार पावसाळ्यातच का होतो, यातच सगळी गंमत आहे. शेंगदाणा कोरडा दिसतो, पण कोरडा नसतो. चांगल्या वाळलेल्या दाण्यातसुद्धा शंभर ग्रॅममागे सहा-सात ग्रॅम पाणी असतं. आपल्याकडं मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की पत्र्याच्या डब्यातले दाणे खुळखुळ वाजतात. श्रावणात तेच दाणे हवेतली ओल पितात आणि हाताला किंचित नरम लागतात. दिवाळीच्या आगेमागे बाजारात येणारे खरिपाचे नवे दाणेही असेच ओले असतात. म्हणून काही घरांत हा घोळ पावसाळ्यात होतो, तर काहींच्या घरी नवा माल आला की सुरू होतो. कारण एकच.

आता हे पाणी भाजताना काय करतं बघा. दाण्याच्या पोटात पाणी आहे तोवर ते पोट शंभर अंशांच्या फारसं वर तापत नाही, कारण मिळालेली धग पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. खमंग वास आणि तांबूस रंग मात्र साधारण एकशेचाळीस अंशांच्या वर गेल्यावरच भराभर येतात. म्हणजे भाजण्यात दोन कामं आहेत. आधी पाणी घालवायचं, मग रंग आणायचा. पहिलं काम लांबलचक आणि कंटाळवाणं, दहा-बारा मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. दुसरं काम चार-पाच मिनिटांचं. ओल्या दाण्यात पहिलं काम आणखी लांबतं. आपल्याला घड्याळाची सवय झालेली असते, नेहमीच्या वेळेला रंग आला नाही की हात आपोआप गॅसच्या बटणाकडं जातो. आच वाढवली की कढईला टेकलेली साल, जिच्यातलं पाणी कधीच उडून गेलंय, ती करपते. पोट अजून वाफच सोडत असतं. आत्याबाईंना आला तो वास या वाफेचा होता, उकडलेल्या शेंगांसारखा.

हे खरंच असं आहे का, म्हणून मी वजनकाट्यावर बघितलं. मे महिन्यात ५०० ग्रॅम कच्चे दाणे भाजून गार केले तेव्हा ४७३ ग्रॅम भरले. श्रावणात त्याच दुकानातले ५०० ग्रॅम दाणे तितकेच भाजले तर ४६२ भरले. म्हणजे उन्हाळ्यात २७ ग्रॅम पाणी घालवायचं होतं, पावसाळ्यात ३८. आकडा लहान दिसतो, पण काम जवळपास दीडपट झालं. मंद आचेवर उन्हाळ्यात मला सोळा-सतरा मिनिटं लागत, श्रावणात बावीस-तेवीस लागली. मोठ्या आचेवर मी ते पंधरा मिनिटांत उरकू बघत होते.

उपाय सुरू होतो तो भाजण्याच्या आधी. पावसाळ्यात ऊन पडेल त्या दिवशी दाणे सुती कापडावर पातळ पसरून चार-पाच तास ठेवते. ऊनच नसेल, आणि श्रावणात ते बरेचदा नसतंच, तर पंख्याखाली रात्रभर. वाळवलेले दाणे मुठीत घेऊन हलवले की कोरडा खुळखुळ आवाज येतो. तो आला की ते भाजायला तयार. याच वेळी दाणे निवडूनही घेते. फुटलेल्या डाळिंब्या आणि बारकी पिचकी दाणी वेगळी काढायची, त्यांना पूर्ण दाण्याच्या निम्माच वेळ पुरतो. ती वेगळी, शेवटी भाजायची. सुरकुतलेले, हिरवट-काळी बुरशी दिसणारे, रंग उडालेले दाणे मात्र सरळ फेकायचे. भाजल्यावर चालतील असं म्हणू नका. त्या बुरशीतलं विष घरच्या भाजण्यानं जात नाही.

इथंच आणखी एक तपासणी करा, कारण सगळा कडवटपणा करपण्याचा नसतो. भाजण्याआधी दोन-तीन कच्चे दाणे चावून बघा. कच्चा दाणाच जिभेवर तेलकट, जुनाट, रंगाच्या डब्यासारखा लागला तर तो खवट आहे. खवट दाणा कितीही छान भाजला तरी चटणी बिघडवणारच. मला एकदा दोन किलो दाणे असेच टाकावे लागले आणि त्या दिवशी गॅसचा काहीच दोष नव्हता.

आता कढई. जर्मनची पातळ कढई बर्नरच्या ज्वाळेबरोबर तापते आणि तेवढ्याच घेरात तापते. मधे करपवते, कडेला कच्चं ठेवते. मी बिडाची जाड कढई घेतली. ती तापायला वेळ घेते, पण एकदा तापली की धग धरून ठेवते, ज्वाळेबरोबर एकदम चढत-उतरत नाही. तिचा दोष एवढाच की ती निवायलाही वेळ घेते, त्याकडं पुढं येते. नवी कढई घ्यायची नसेल तर घरातला पोळ्यांचा लोखंडी तवा बर्नरवर ठेवून त्यावर पातळ कढई ठेवा. ज्वाळा थेट लागत नाही, काम जवळपास तेवढंच चांगलं होतं. आणि दाणे किती टाकायचे? हाताच्या एका फिरवण्यात तळातले सगळे वर यायला हवेत. माझ्या दहा इंची कढईत पाचशे ग्रॅम ही हद्द आहे. एक किलो टाकून वेळ वाचत नाही. खालचे करपतात, वरचे वाफेवर शिजतात.

त्या श्रावणातला पहिला बरा घाणा कसा झाला ते सविस्तर सांगते. ४९० ग्रॅम वाळवलेले, निवडलेले दाणे. बिडाची कढई मध्यम आचेवर तीन मिनिटं तापवली, दाणे टाकले आणि लगेच गॅस अगदी बारीक केला. लाकडी उलथन्यानं तळापासून वर, असं सतत हलवत राहिले. सतत म्हणजे पळत-पळत नव्हे, सावकाश, पण न थांबता. सहाव्या मिनिटाला काही नाही. नवव्या मिनिटाला हलका वाफेचा वास. पाणी गेलं की नाही हे कळायला एक सोपी युक्ती आहे. मूठभर दाणे स्टीलच्या वाटीत काढून, गॅसपासून दूर ओट्यावर ठेवायचे आणि वर थंड ताटली झाकायची. अर्ध्या मिनिटानं ताटलीची आतली बाजू बघायची. धुकं जमलं तर पाणी अजून आहे. ताटली कढईवरच धरून बघू नका, गॅसच्या ज्वाळेतूनही वाफ निघते आणि ताटली त्यानंच ओली होते. मी पहिल्या दिवशी असंच फसले.

तेराव्या मिनिटाला ताटली कोरडी निघाली. त्याच सुमाराला आवाज बदलला. दाणे उलथन्यावर घासताना आधी मऊसर घुळघुळ ऐकू येत होती, आता कोरडी खडखड यायला लागली आणि मधूनच सालीला तडे जाण्याची चटचट. इथून पुढं पाठ फिरवायची नाही. दार वाजलं तर गॅस बंद करून, कढई उतरवून जायचं. पंधराव्या मिनिटाला वास फिरला, उकडलेल्या शेंगांचा वास जाऊन भाजलेल्याचा आला. तिथून मी दर मिनिटाला एक दाणा काढून, फोडून बघत होते. पांढरा, मग दुधाच्या सायीसारखा, मग सायीला किंचित पिवळी झाक. अठराव्या मिनिटाला गॅस बंद केला.

आणि तरीही तो घाणा थोडा जास्तच झाला. इथं दुसरा प्रकार येतो.

दाणे काढायला मी दोनच मिनिटं उशीर केला, कारण मला ते कच्चे वाटले. गरम दाणा चावला तर तो नरम लागला. आपल्यापैकी बऱ्याच जणी इथंच चुकतात असं मला वाटतं. शेंगदाणा गरम असताना कधीच कुरकुरीत नसतो, कितीही भाजा. कुरकुरीतपणा निवल्यावरच येतो. गरम दाणा चावून "अजून मऊ आहे" म्हणत भाजत राहिलं की तो करपेपर्यंत मऊच राहणार. कढईतून चार दाणे ताटलीत काढून पंख्याखाली दोन-तीन मिनिटं ठेवायचे, मग चावायचे. तोवर गॅस बंद करून ठेवला तरी चालेल, पण दाणे कढईत नाही, परातीत.

परातीत का, तर गॅस बंद केला म्हणजे भाजणं थांबलं असं होत नाही. दाणे दीडशे अंशांच्या आसपास तापलेले, तेलानं भरलेले, आणि बिडाची कढई त्याहून गरम. त्यात आता निवायला पाणीही उरलेलं नाही, त्यामुळं या शेवटच्या टप्प्यात रंग सगळ्यात वेगानं चढतो. कढईत तसेच ठेवले तर आणखी तीन-चार मिनिटं ते स्वतःच भाजत राहतात. म्हणून हवा त्यापेक्षा एक छटा फिका असतानाच गॅस बंद करायचा आणि त्याच क्षणी मोठ्या परातीत ओतून एका थरात पसरायचे. परात आधीच शेजारी हवी. मी पूर्वी भाजून झाल्यावर परात शोधत असे, आणि तेवढ्या वेळातच माझा घाणा बिघडत असे, हे मला आज कळतंय. दाण्यांचा ढीग करू नका, ढिगाच्या पोटात धग कोंडते आणि मधले दाणे कडेच्या दाण्यांपेक्षा गडद होतात. वरून ताट तर झाकूच नका, वाफ धरते आणि दाणे वातड होतात.

पुढच्या घाण्याला मी सोळाव्या मिनिटाला काढले. परातीत ते फिके दिसले, मन खट्टू झालं. पंधरा मिनिटांनी गार झाले तेव्हा रंग नेमका हवा तसा, साल चिमटीत आपोआप सुटणारी. ४९० ग्रॅमचे ४६३ झाले होते. वाळवण्यामुळं श्रावणातले दाणे उन्हाळ्यातल्या दाण्यांच्या जवळ आले, वेळही आणि वजनही. आत्याबाईंनी दोन दाणे तोंडात टाकले, काही बोलल्या नाहीत, अजून दोन उचलले. आमच्याकडं ही पावतीच.

करपलेला घाणा वाचतो का, हा प्रश्न मला हमखास विचारतात. कधीकधी वाचतो. गार झाल्यावर दाणे जाड कापडात चोळून, सुपात पाखडून सगळी टरफलं काढा आणि मग उघडा दाणा चाखा. वरची साल काळी पडलेली असली तरी आतला दाणा सायीच्या रंगाचा असेल तर कडवटपणा सालीबरोबर गेलेला असतो, चटणीला बिनधास्त वापरा. पांढरा असेल तर साल काढलेल्या दाण्याला अगदी मंद आचेवर पुन्हा पाच मिनिटं द्या. डाळिंबीची आतली बाजूच तांबडी-काळी झाली असेल तर मात्र नाद सोडा. गूळ, लिंबू, जास्तीचं तिखट, यांनी ती चव झाकली जात नाही. वीस चांगल्या दाण्यांत एक जळका गेला तरी कूट बोलतो.

जास्त दाणे, दोन-तीन किलो, भाजायचे असतील तर मी जाड्या मिठात भाजते. भडभुंजा भट्टीत वाळूत भाजतो तोच हिशोब आहे. कढईत दाण्याचा एकच बिंदू तळाला टेकतो, वाळूत किंवा मिठात त्याला चारी बाजूंनी सारखी धग मिळते, म्हणून काळे ठिपके पडत नाहीत. एक किलो जाडं मीठ लोखंडी कढईत मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं तापवायचं, हलवत. ओलं मीठ सुरुवातीला तडतडतं आणि उडतं, चेहरा लांब ठेवा. मग दोनशे ग्रॅम दाणे टाकून आच बारीक करायची, सात-आठ मिनिटांत भाजून होतात, मोठ्या भोकांच्या चाळणीनं लगेच चाळून घ्यायचे. कोरडं मीठ दाण्याला चिकटत नाही, त्यामुळं ते खारट होत नाहीत. मीठ काळपटतं, पण गार करून डब्यात ठेवलं तर पुन्हापुन्हा चालतं. भाजण्याआधी पाण्याचा हबका मारायची रीत काही घरांत आहे. मिठाच्या पाण्याचा हबका खाऱ्या दाण्यांसाठी ठीक आहे, मीठ सालीला धरतं. कुटासाठी मी मारत नाही. जे पाणी घालवायला मी उन्हात चार तास घालवले तेच परत कशाला घालू?

ओव्हनबद्दल थोडक्यात. पोटातलं पाणी आधी, रंग नंतर, हा नियम तिथंही तोच आहे, म्हणून १८०-२०० अंशांवर दाणे ठेवू नका. १६० अंशांवर आधी तापवून, फिकट रंगाच्या ट्रेमध्ये एका थरात अडीचशे-तीनशे ग्रॅम, मधल्या खणात. आठव्या मिनिटाला एकदा हलवायचे, मग दर चार मिनिटांनी. अठरा ते बावीस मिनिटांत होतात, शेवटची चार मिनिटं दारातच उभं राहायचं. काळ्या ट्रेमध्ये तळ लवकर करपतो. बदाम याच आचेवर दहा-बारा मिनिटांत होतात. काजू त्याहूनही नाजूक, त्यांना १५० पुरतं आणि वेळ कमी लागतो.

अडचण अशी की घरातल्या छोट्या ओव्हनचं बटण खरं बोलेल याची खात्री नसते. माझ्या नणंदेच्या ओव्हनमध्ये १६० वर बारा मिनिटांत दाणे काळे झाले. आम्ही साखरेनं तपासलं. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. म्हणून वाटीत चमचाभर साखर ठेवून बटण १७५ वर लावायचं आणि ओव्हन तापल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं. साखर कोरडीच राहायला हवी. तिच्याकडं ती वितळून पाक झाली. म्हणजे बटण १७५ म्हणत होतं तेव्हा आत निदान दहा-बारा अंश जास्त होते. आता ती १४० वर लावते आणि तिचे दाणे माझ्यासारखेच होतात. शिवाय अशा ओव्हनमध्ये वरचा लाल तापलेला रॉड दाण्यांना सरळ भाजतो. वरची बाजूच काळी पडत असेल तर तो बंद करून फक्त खालच्यावर भाजून बघा.

तीळ, जवस आणि कारळ यांचा हिशोब वेगळा, कारण ते लहान. त्यांच्यात पोट आणि साल यात अंतरच नाही, पाणी मिनिटा-दोन मिनिटांत उडतं आणि लगेच रंगाचं काम सुरू होतं. "वरून काळे, आत कच्चे" हा प्रकार त्यांच्यात होत नाही, तिथं सगळा धोका दुसऱ्या प्रकारचा, उशिरा काढण्याचा. तिळाचा थर कढईत बोटाच्या पेराहून जाड नको. दोनशे ग्रॅम तीळ मंद आचेवर सहा-सात मिनिटं. तीळ फुगतात, तडतडतात, चार-दोन कढईबाहेर उड्या मारतात. तडतड दाटून आली की काढा, कमी होण्याची वाट बघू नका. चिमटीत चुरडला तर तीळ सहज फुटायला हवा. जवसाला आठ-नऊ मिनिटं लागतात, तो मोठ्यानं तडतडतो आणि चावल्यावर दाताखाली चिकट न लागता कुरकुरीत फुटतो. कच्च्या जवसाची चटणी बुळबुळीत होते, म्हणून त्याला तीळभर जास्तच भाजलेलं चालतं. जरा धूर दिसला मात्र की समजा गेला.

कारळानं मला सगळ्यात जास्त छळलं, कारण तो मुळातच काळा. रंग बघायचा कसा? करपलेला कारळ आणि भाजलेला कारळ ताटात सारखेच दिसतात, फरक जिभेला कळतो तेव्हा चटणी वाटून झालेली असते. मी आता कारळासोबत चमचाभर पांढरे तीळ टाकते. आकारानं जवळपास तेवढेच, त्यांना धगही तेवढीच लागते. तीळ सोनेरी झाले की कारळही झाला, तीळ तांबडे व्हायला लागले की उशीर झाला. चटणीत ते चमचाभर तीळ कुणाला कळतही नाहीत. तिळाच्या आधारावर काढायचं आणि दोन दाणे गार करून चावून खात्री करायची. कारळाचा मूळचा हलका कडसरपणा जिभेच्या टोकाला येतो आणि जातो. जळल्याचा कडवटपणा घशापाशी बसतो आणि पाणी प्यालं तरी हलत नाही.

तीन-चार प्रकार एका दिवशी भाजायचे असतील तर एकत्र टाकायचा मोह आवरा. पहिला शेंगदाणा, मग जवस, मग कारळ, शेवटी तीळ. आणि प्रत्येकाच्या मधे कढई कोरड्या फडक्यानं पुसा. मागच्या घाण्याची चार टरफलं तळाला राहिली की ती पुढच्या घाण्यात कोळसा होतात आणि तुम्ही उगाच तिळाला नावं ठेवता. चौथ्या घाण्याला कढई पहिल्यापेक्षा खूप तापलेली असते हेही ध्यानात ठेवा, तिळाच्या आधी मी गॅस बंद करून तिला पाच मिनिटं निवू देते.

सगळं पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावायचं, तेही एकसारखं न फिरवता थांबून-थांबून. गरम दाण्यातलं तेल पात्याखाली लगेच सुटतं आणि कुटाऐवजी लगदा हाती येतो. कूट लागेल तेवढाच करते, बाकीचे दाणे सालीसकट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. पावसाळ्यात ते आठ-दहा दिवसांत नरम पडतात. मग कढई नुसती कोमट करून, गॅस बंद करून, त्यात दोन मिनिटं फिरवले की परत वाजायला लागतात. दुसऱ्यांदा भाजायचे नाहीत.

या श्रावणात अजून कुणाचा फोन आलेला नाही. आत्याबाई गावी गेल्यात, जाताना मला विचारलं, "दाणे फोडून बघायलीस ना?" मी म्हटलं, "बघायले, आत्याबाई." "आणि परात?" परात ओट्यावरच असते आता, गॅस पेटवायच्या आधीपासून.